पुण्यातला फ्लॅट: राहणार कोण आणि नाव कोणाचे, यावर ठरणारे खर्च

प्रश्न: "आम्ही टिळकवाडी, बेळगाव येथे राहतो. मुलगा पुण्यात मगरपट्ट्याजवळ नोकरीला आहे. हडपसर भागात बांधकाम चालू असलेल्या इमारतीत ७० लाखांचा टू बीएचके बुक करायचा विचार आहे. बिल्डर म्हणतो, ७० लाख आणि वर फक्त सरकारी खर्च. घरफाळा, सोसायटी, पार्किंग असे मागाहून आणखी किती लागतील? फ्लॅट माझ्या नावावर घ्यावा की मंडळींच्या? मुलगा दोन-तीन वर्षांनी बदलून गेला तर भाड्याने देऊ."

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

आपण विचारलेले दोन प्रश्न मुळात एकच आहेत. फ्लॅट कोणाच्या नावावर असेल आणि त्यात प्रत्यक्ष कोण राहील, हे ठरल्याशिवाय मागाहून येणाऱ्या खर्चाचा आकडा काढता येत नाही, कारण मुद्रांक शुल्क, घरफाळा आणि सोसायटीची आकारणी या तिन्ही बाबी त्यावरच अवलंबून असतात. मी बेळगावात कर सल्लागार म्हणून काम करतो आणि शहापूर, वडगाव, खानापूर, निपाणी या भागांतील कुटुंबांचे पुण्यातील खरेदीचे कागद माझ्याकडे नेहमी येतात. त्यांत बिल्डरने फसवल्याची प्रकरणे थोडी असतात. बहुतेकांनी बेळगावचा हिशेब पुण्याला लावलेला असतो आणि तेथेच गणित चुकते. आपल्याकडे आठ-दहा फ्लॅटची इमारत, एक राखणदार, एक लिफ्ट आणि महापालिकेचा स्वयंघोषित घरफाळा एप्रिलमध्ये भरून सूट घेतली की वर्षाचा विषय संपतो. पुण्याच्या उपनगरात तसे होत नाही.

आधी एकदाच लागणारा पैसा पाहू. पुणे महापालिकेच्या हद्दीत पुरुष खरेदीदाराला मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्था कर आणि मेट्रोचा अधिभार धरून ७ टक्के पडतात, म्हणजे ७० लाखांवर ४ लाख ९० हजार. नोंदणी शुल्काला महाराष्ट्रात ३० हजारांची कमाल मर्यादा आहे. आपल्याकडे कर्नाटकात ऑगस्ट २०२५ च्या अखेरीपासून नोंदणी शुल्क २ टक्के झाले असल्याने हा एक भाग तिकडे हलका वाटतो, पण तेवढाच. इमारतीचे बांधकाम चालू असल्याने ५ टक्के जीएसटी लागेल, तो साडेतीन लाख. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर विकल्या जाणाऱ्या फ्लॅटला हा जीएसटी लागत नाही, म्हणून तयार फ्लॅट थोडा महाग दिसला तरी तुलना करताना ही रक्कम त्यातून वजा करून पाहावी. "वर फक्त सरकारी खर्च" या वाक्याचा अर्थ येथवर ८ लाख ७० हजार इतका होतो.

किंमत ५० लाखांच्या वर असल्याने १ टक्का टीडीएस कापून आपल्याला सरकारजमा करावा लागेल. तो किमतीतूनच कापायचा असतो, त्यामुळे वेगळा खर्च नाही, मात्र भरण्याची जबाबदारी बिल्डरवर नसून आपल्यावर असते.

यानंतर बिल्डरच्या पत्रकात बारीक अक्षरात असलेल्या रकमा येतात: वीजजोडणी, सोसायटी स्थापनेचा खर्च, वकिलाची फी आणि आगाऊ देखभाल खर्च. पहिल्या तिन्ही मिळून आपण १ लाख २० हजार धरू. हा आकडा प्रत्येक प्रकल्पात वेगळा असतो, म्हणून तो लेखी मागून घ्यावा. चौथी रक्कम मात्र नीट समजून घेण्यासारखी आहे.

सोसायटी स्थापन होऊन कारभार तिच्या हाती जाईपर्यंत इमारतीची देखभाल बिल्डर करतो आणि त्यासाठी बहुधा दोन वर्षांचे पैसे ताबा देतानाच घेतो. दर चौरस फुटाला ४ रुपये सांगितला जातो आणि तो ऐकायला कमी वाटतो. प्रश्न असतो तो कोणत्या चौरस फुटाला. घरखरेदीदारांच्या हितासाठी असलेल्या रेरा कायद्यामुळे फ्लॅटची किंमत कार्पेट क्षेत्रावर, म्हणजे घरातील प्रत्यक्ष वापरण्याजोग्या जागेवर सांगावी लागते, पण देखभालीच्या दरासाठी मात्र जिना, लॉबी वगैरे मिळवून फुगवलेले जुने विक्रीयोग्य क्षेत्र पुन्हा बाहेर काढले जाते. समजा आपला फ्लॅट ६५० चौरस फूट कार्पेटचा आहे आणि विक्रीयोग्य क्षेत्र ८८० दाखवले आहे, तर महिन्याचे २,६०० ऐवजी ३,५२० रुपये होतात. चोवीस महिन्यांचे ८४,४८० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ही एकच रक्कम जवळजवळ एक लाखावर जाते.

या रकमेबद्दल करारनाम्याच्या मसुद्यात दोन गोष्टी शोधाव्यात. एक म्हणजे, खर्च प्रत्यक्षाप्रमाणे आकारला जाईल असे लिहिले आहे का. तसे असेल तर सव्वा वर्षातच आगाऊ रक्कम संपल्याचे पत्र येऊ शकते, कारण सुरुवातीला राहायला आलेली कुटुंबे थोडी असतात आणि सुरक्षारक्षक, लिफ्ट, पंप यांचा खर्च मात्र पूर्ण इमारतीचा असतो. दुसरी म्हणजे, न विकल्या गेलेल्या फ्लॅटचा देखभालीतील वाटा कोण उचलणार. तो बिल्डरने उचलायचा असतो आणि मसुदा त्याबद्दल गप्प असेल तर ते वाक्य घालून घ्यावे. शिल्लक रकमेचा हिशेब सोसायटीकडे सुपूर्द केला जाईल, हेही त्याच परिच्छेदात असावे.

आतापर्यंतची बेरीज अशी होते: ७० लाख, त्यावर ८ लाख ७० हजार सरकारात, सुमारे १ लाख आगाऊ देखभाल आणि १ लाख २० हजार किरकोळ, म्हणजे ८० लाख ९० हजार. बँक या किमतीच्या घराला ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज देते आणि मुद्रांक शुल्क व नोंदणी त्या हिशेबात धरत नाही. ५६ लाखांचे कर्ज मिळाले तरी स्वतःचे जवळजवळ २५ लाख लागतील. जीएसटीची रक्कम बँक किमतीत धरते की नाही, हे त्या शाखेत आधीच विचारून घ्यावे. अनेक कुटुंबे १४ लाख तयार ठेवून पुण्याला जातात आणि उरलेल्या ११ लाखांसाठी इकडची ठेव मुदतीआधी मोडतात.

आता दरवर्षी लागणाऱ्या खर्चाकडे वळू. माझ्या मते आपल्या प्रकरणात खरे महत्त्व याचेच आहे.

पुणे महापालिकेत मालक स्वतः राहत असलेल्या निवासी मिळकतीला मिळकत करात ४० टक्के सवलत आहे. ती मधली काही वर्षे बंद होती आणि २०२३ मध्ये पुन्हा लागू झाली, परंतु नव्या मिळकतीला ती आपोआप लागत नाही. त्यासाठी पीटी-३ नावाचा अर्ज भरावा लागतो आणि सोबत स्वतः राहत असल्याचे सोसायटीचे पत्र तसेच मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, गॅसचे कार्ड, शिधापत्रिका अशा कागदांपैकी पुरावा जोडावा लागतो. आपली अडचण येथे उभी राहते. आपले आधार कार्ड, मतदार ओळखपत्र आणि शिधापत्रिका तिन्ही बेळगावची असणार, आणि ती तशीच राहावीत अशीच आपली इच्छा असणार. फ्लॅट फक्त आपल्या नावावर असेल आणि तेथे मुलगा राहत असेल, तर मालक स्वतः तेथे राहतो हे कागदावर दाखवणे अवघड जाते. मुलाचे नाव मालक म्हणून करारनाम्यात असेल आणि त्याचे एखादे ओळखपत्र त्या पत्त्यावर झालेले असेल, तर तोच अर्ज सहज होतो. समजा सवलतीशिवाय वर्षाचा कर २० हजार येत असेल, तर सवलतीने तो साधारण १२ हजार होतो, म्हणजे फरक वर्षाला ८ हजारांचा. नेमका आकडा त्या भागाच्या दरावर आणि क्षेत्रफळावर ठरतो. त्याच प्रकल्पात आधीच ताबा दिलेली इमारत असेल, तर तेथील एखाद्या रहिवाशाचे बिल पाहावे आणि पाहताना ते सवलतीचे आहे की बिनसवलतीचे, हे जरूर विचारावे.

घरफाळ्याची दुसरी गंमत म्हणजे नव्या इमारतीची आकारणी लगेच होत नाही. वर्ष-दोन वर्षे बिलच येत नाही, माणसे निर्धास्त राहतात आणि मग मागील सर्व काळाचे एकत्र बिल हाती पडते. ते मुदतीत भरले नाही तर थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती चढते. म्हणून ताबा मिळाल्यापासून दरमहा दीड हजार रुपये बाजूला ठेवावेत. ताबा मिळण्यापूर्वीच्या काळाचा कर, पाणीपट्टी वगैरे देणी रेरा कायद्याप्रमाणे बिल्डरची असतात, तेव्हा आकारणी कोणत्या तारखेपासून धरली आहे ते बिलावर पाहून आपल्या ताबा पत्राच्या तारखेशी ताडून घ्यावे. हडपसरच्या पलीकडे, अलीकडे महापालिकेत आलेल्या गावांत कराचे गणित अजून स्थिरावलेले नाही. प्रकल्प त्यांपैकी एखाद्या गावात असेल तर वर दिलेला हिशेब तसाच्या तसा लावू नये.

सोसायटीच्या बिलाबद्दल एक गोष्ट बिल्डरच्या कार्यालयात कोणी सांगत नाही. बिल्डर घेतो त्या ३,५२० रुपयांत भविष्यातील दुरुस्तीची तरतूद नसते. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, सोसायटी स्थापन झाली की सिंकिंग फंडासाठी, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवायच्या निधीसाठी, फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का आणि दुरुस्ती निधीसाठी पाऊण टक्का दरवर्षी घ्यायचा असतो. जमिनीची किंमत यात धरायची नाही. बांधकाम खर्च २० लाख धरला तर दोन्ही मिळून वर्षाला २० हजार, म्हणजे महिन्याला सुमारे १,६७० रुपये वाढतात. ३,५०० चे बिल अचानक ५,२०० का झाले, यावर पहिल्याच सर्वसाधारण सभेत भांडण होते आणि समिती ढिसाळ असेल तर ही वर्गणी लांबणीवर टाकते. असे बिल स्वस्त दिसते, पण दहा-बारा वर्षांनी गळती काढायची किंवा लिफ्ट बदलायची वेळ आली की प्रत्येकाकडून एकदम लाख-दीड लाख मागितले जातात. बिलात हे दोन निधी दिसत असतील तर सोसायटी नीट चालली आहे असे मी समजतो.

उन्हाळ्यातील टँकरचे पाणी हा वेगळा विषय आहे. उपनगरातील अनेक प्रकल्पांना परवानगी देताना, महापालिकेचे पाणी पुरेसे मिळेपर्यंत पाणी पुरवण्याचे हमीपत्र बिल्डरकडून घेतलेले असते. त्याचा खर्च बिल्डर सोसेल की देखभालीत घालेल, हे करारनाम्यातच कळते. शेजारच्या राहत्या इमारतीचे एप्रिल-मे महिन्याचे देखभाल बिल आणि डिसेंबरचे बिल शेजारी ठेवून पाहिले की चित्र स्पष्ट होते. डिसेंबरचे एकटे बिल पाहून काहीच कळत नाही.

आता भाड्याने देण्याचा भाग. मालक राहत नाही आणि भाडेकरू राहतो, तेव्हा सोसायटी बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते, परंतु राज्य सरकारच्या २००१ च्या आदेशाने त्याला सेवा शुल्काच्या, म्हणजे राखणदार, सफाई, कार्यालय अशा रोजच्या सेवांसाठी घेतल्या जाणाऱ्या रकमेच्या, १० टक्क्यांची मर्यादा घातली आहे. संपूर्ण बिलाच्या १० टक्के नव्हे. ५,२०० च्या बिलात सेवा शुल्काचा भाग २,८०० असेल तर महिन्याला २८० रुपये. काही सोसायट्या सरसकट हजार-दोन हजार लावतात आणि बेळगावला बसलेला मालक वाद नको म्हणून भरत राहतो. मालकाचा मुलगा, मुलगी, आई-वडील, भाऊ-बहीण असे जवळचे नातेवाईक राहत असतील तर हे शुल्क लागतच नाही, म्हणून मुलगा राहत असेपर्यंत, फ्लॅट एकट्या आपल्या नावावर असला तरी, हा प्रश्न उद्भवत नाही. एक सावधगिरी मात्र बाळगावी. पुण्यात बऱ्याच इमारतींत सहकारी सोसायटी न करता महाराष्ट्राच्या १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली संघटना करतात. तेथे सोसायटीचे उपविधी लागू होत नाहीत आणि खर्चाची विभागणी जमीन आणि सामाईक जागांतील फ्लॅटच्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने होते. करारनाम्यात सोसायटी होणार की अपार्टमेंट, हे एका ओळीत लिहिलेले असते. ती ओळ वाचल्याशिवाय वरचे १० टक्के गृहीत धरू नयेत.

पार्किंगसाठी बिल्डर वेगळे ४ लाख मागत असेल तर ती जागा उघडी आहे की आच्छादित, हे आधी विचारावे. रेरा कायद्याप्रमाणे उघडी पार्किंग जागा विकता येत नाही, ती सर्वांची सामाईक असते. आच्छादित जागेचे पैसे घेता येतात, पण रेरा कायद्याखालील राज्याचे प्राधिकरण असलेल्या महारेराने २०२४ मध्ये दिलेल्या निर्देशाप्रमाणे तिचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची आणि इमारतीतील स्थान करारनाम्याच्या जोडपत्रात द्यावे लागते. "पार्किंगचे वेगळे पत्र देतो, करारात नको, तेवढाच टॅक्स वाचेल" असे कोणी सुचवले तर नकार द्यावा. करारात घातल्याने ४ लाखांवर मुद्रांक आणि जीएसटी मिळून सुमारे ४८ हजार जास्त जातील हे खरे, पण पत्रावर मिळालेली जागा उद्या सोसायटीच्या सभेने मानली नाही तर ४ लाख गेले. यांत्रिक पार्किंग असेल तर वरच्या मजल्यावरच्या प्लेटवर आपली गाडी उंचीने आणि वजनाने बसते का ते पाहावे. त्या यंत्राचा वार्षिक देखभाल करार पुढे सोसायटीच्या माथी येतो. मुलाकडे दुचाकीच असेल आणि आपली केए-२२ ची गाडी महिन्यातून एखाद्या शनिवार-रविवारी जाणार असेल, तर पार्किंग न घेण्याचाही विचार करण्यासारखा आहे. मात्र फ्लॅट पुढे विकताना किंवा भाड्याने देताना पार्किंग नसल्याचा फटका बसतो. आपला उद्देश पुढे भाड्याने देण्याचा असल्याने, जागा चांगली आणि करारात असेल तर ती घ्यावी, असे मी सुचवेन.

आता नावाचा निर्णय. वहिनींच्या एकट्यांच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळते, म्हणजे ७० हजार रुपये वाचतात. पती किंवा मुलगा सहमालक असेल तर ही सूट मिळत नाही. हे ७० हजार डोळ्यांसमोर असतात म्हणून बहुतेक जण तिकडेच झुकतात. परंतु वहिनीही बेळगावातच राहणार असतील तर घरफाळ्याची सवलत जाते आणि मुलगा तेथे नऊ वर्षे राहिला तर वर्षाला ८ हजारांप्रमाणे ती बचत संपून जाते. त्याहून मोठी बाब कर्जाची आहे. हप्ते मुलाच्या पगारातून जाणार असतील आणि तो जुन्या करप्रणालीत असेल, तर मालक म्हणून नाव नसताना त्याला व्याजाची आणि मुद्दलाची वजावट घेता येत नाही. व्याजाची वजावट वर्षाला २ लाखांपर्यंत असते, तेव्हा तिच्यापुढे ७० हजार किरकोळ ठरतात. उलट मुलगा नव्या करप्रणालीत असेल, दोनच वर्षे राहणार असेल आणि कर्ज थोडे असेल, तर वहिनींच्या नावावर घेणे फायद्याचे. आपण लिहिलेल्या माहितीवरून मी मुलगा आणि आपण अशी संयुक्त खरेदी सुचवतो, मात्र मुलाची करप्रणाली कोणती आहे ते त्याला विचारून मगच नक्की करावे.

भाड्याचा हिशेबही आत्ताच करून ठेवलेला बरा. समजा महिन्याला २२ हजार भाडे मिळाले, तर वर्षाचे २ लाख ६४ हजार. त्यातून सोसायटीचे ६२,४००, बिनभोगवटा शुल्काचे ३,३६० आणि सवलतीशिवायचा घरफाळा २० हजार वजा केला की हातात १ लाख ७८ हजार उरतात. ८१ लाखांच्या गुंतवणुकीवर हे सव्वादोन टक्क्यांहून थोडे कमीच पडते, आणि यात रिकामा राहिलेला महिना, रंगकाम किंवा दलाली धरलेली नाही. महाराष्ट्रात भाड्याच्या कराराची नोंदणी सक्तीची असून ती जबाबदारी मालकावर असते, तेव्हा तो खर्च आपल्याच बाजूला धरावा. केवळ भाड्यासाठी म्हणून मी हा फ्लॅट कोणाला सुचवणार नाही. मुलगा तेथे पाच-सहा वर्षे राहणार असेल तर गोष्ट वेगळी, कारण तेव्हा त्याचे स्वतःचे भाडे वाचते.

बुकिंगची रक्कम देण्यापूर्वी बेळगावात बसूनच एक काम होऊ शकते. maharera.maharashtra.gov.in या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या नावाने शोधल्यास बिल्डरने दाखल केलेला करारनाम्याचा नमुना उघडता येतो. त्यात देखभाल कोणत्या क्षेत्रावर, न विकलेल्या फ्लॅटचा वाटा कोणाचा, सोसायटी की अपार्टमेंट आणि पार्किंगचे जोडपत्र, एवढ्या चार जागा वाचून घ्याव्यात. आपल्याला दिलेला मसुदा त्या नमुन्यापेक्षा वेगळा असेल तर कारण लेखी मागावे. करारनाम्याची नोंदणी होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेण्यास बिल्डरला कायद्याने मनाई आहे, त्यामुळे या उत्तरासाठी थांबण्याने आपले काही अडत नाही.